चौथी ओळ, दुसरं घर

अप्पांचा फोटो रोज तीनच्या ठोक्याला यायचा. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. आधी कोड्याचा, मागोमाग उत्तराचा. चौकटीच्या कागदावर पेन्सिलीने आखलेली नऊ बाय नऊ घरं आणि त्यात सव्वीस-सत्तावीस आकडे. खाली एकच वाक्य: ‘मिळाला म्हणून कळव.’

सून कळवायची. ‘मिळाला, अप्पा.’

ती वर्तमानपत्राच्या पुरवणी विभागात अक्षरजुळणीला होती. कार्यालयात सगळे तिला ताई म्हणत, घरात अप्पा सूनबाई म्हणत. सकाळी एकाच टेबलावर चहा पिणारी ही दोन माणसं दुपारी फोटोवरून व्यवहार करत. अप्पांना तसंच हवं होतं. सकाळीच कागद दिला असता तर तो सुनेच्या हाती दिला असं झालं असतं. फोटो पाठवला की तो संपादकीय विभागाला पाठवला असं व्हायचं.

तिचं काम तसं साधं होतं. फोटो पडद्यावर मोठा करायचा आणि नऊ ओळी टाइप करायच्या. एका ओळीत नऊ खुणा, कमी नाही, जास्त नाही. आकडा असेल तिथे आकडा, रिकामं घर असेल तिथे शून्य. मध्ये जागा सोडायची नाही, स्वल्पविराम नाही. ती नऊ ओळींची फाइल पानाच्या साच्यात टाकली की साचा आपोआप जाड-बारीक रेघा मारून चौकोन काढायचा आणि शून्याची घरं कोरी सोडायचा. एखादं शून्य टाइप करायचं राहिलं तर त्यापुढचा प्रत्येक आकडा एक घर डावीकडे सरकायचा आणि कोड्याचा पार चुथडा व्हायचा. अकरा वर्षांत तिच्या हातून तसं दोनदा झालं होतं, दोन्ही पहिल्या महिन्यात.

दोन वर्षांपूर्वी अप्पांची नजर आणि हात एकदमच दगा द्यायला लागले. आधी ते पूर्ण सुटलेला चौकोन तयार करत, मग त्यातले ठेवायचे आकडे दुसऱ्या कागदावर उतरवून घेत. या उतरवण्यात घोळ होई. कधी एकाचं वळण बंद होऊन त्याचा नऊ होई. कधी आकडा शेजारच्या घरात जाऊन बसे. हे सापडायला सोपं होतं, उत्तराचा फोटो शेजारी ठेवला की कळायचं. वाईट होते ते राहून गेलेले आकडे. ठेवायचा आकडा उतरवायचाच राहिला तर कोडं वरून अगदी निर्दोष दिसतं. ओळ, स्तंभ, तीन बाय तीनचा चौक, कुठे काही दोनदा नाही. सोडवायला बसलं की शेवटी कळतं की याला दोन उत्तरं आहेत. आणि दोन उत्तरांचं कोडं म्हणजे कोडंच नव्हे, हे अप्पांनीच तिला लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी शिकवलं होतं.

पहिल्यांदा असं आढळलं तेव्हा तिने रात्री जेवताना सांगितलं होतं. अगदी हळू, ताटाकडे बघत.

अप्पांनी घास खाली ठेवला. “छत्तीस वर्षं मी गणित शिकवलं. तू कोण?”

“मी फक्त म्हटलं, की—”

“तू टाइप करतेस. टाइप कर.”

नवरा आमटीत काहीतरी शोधत राहिला. पुढचे चार दिवस अप्पा तिच्याशी बोलले नाहीत, पण फोटो तीनच्या ठोक्याला येत होते. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. रोज फोटो आला की अर्धा तास कोडं सोडवायची, राहिलेला आकडा उत्तरात बघून घालायची आणि पान छपाईला सोडून द्यायची. घरी वाचकांची पत्रं आली की अप्पा ती पाहुण्यांना मोठ्याने वाचून दाखवत. ‘आपली कोडी म्हणजे निखळ तर्क.’ मग हनुवटीने सुनेकडे खूण करत. “ही उतरवून घेते माझं. बरी उतरवते.”

असं दोन वर्षं बिनबोभाट चाललं.

मग पुरवणीला नवे प्रमुख आले. वय पस्तिशीच्या आतलं, बोलणं गोड, आणि कोणाला हसत हसत कापायचं याचा चांगला सराव. त्यांनी फोटो वाचणारा एक प्रोग्राम आणला. फोटो टाकला की तो नऊ ओळींचा मजकूर काढून द्यायचा, दोन सेकंदांत. ताईला न सांगता त्यांनी संग्रहातले अप्पांचे चाळीस फोटो काढले, प्रोग्रामला वाचायला दिले, आणि त्याच चाळीस कोड्यांच्या ताईने केलेल्या जुन्या फाइली बाजूला ठेवल्या. प्रूफवाल्या काकांना बसवून तीन हजार दोनशे चाळीस घरं एकेक करून फोटोशी ताडून घेतली. काकांनी चार दिवस डोळे फोडून घेतले आणि निकाल एका कागदावर लिहून दिला.

प्रमुखांनी तो कागद तिच्यासमोर सरकवला. “वाचा ना, ताई. मोठ्याने वाचा.”

“प्रोग्राम, अकरा चुका.”

“आणि?”

“ताई, तेवीस.”

“तेवीस!” प्रमुखांना मनापासून आनंद झालेला दिसला. “मी म्हटलं काकांचं काहीतरी चुकलं असेल. परत मोजायला लावलं. तेवीसच. मशीनला निदान डोळे नाहीत म्हणून सवलत देता येते.”

प्रूफवाले काका चष्मा पुसत खाली बघत होते. तिने यादी पाहिली. नऊ ठिकाणी फोटोत एक आकडा, फाइलीत दुसरा, किंवा आकड्याची जागा वेगळी. चौदा ठिकाणी फोटोत घर रिकामं, फाइलीत आकडा. त्या तेवीस घरांपैकी प्रत्येक घर तिला आठवत होतं.

“या माझ्या चुका नाहीत,” ती म्हणाली. “या दुरुस्त्या आहेत. कोडंच चुकलेलं होतं.”

“म्हणजे सर चुकतात?”

तिने यादी उलटी करून ठेवली.

“नाही, स्पष्ट बोला. कारण महिनाअखेर अक्षरजुळणीतली एक जागा कमी करायची आहे. तुमची की नाही, ते या कागदावर ठरणार.” ते मागे रेलले. “सर तुमचे सासरे ना? मग घरचीच गोष्ट आहे. उद्या चारला त्यांनाच बोलावू. समोरासमोर होऊन जाऊ दे. मजा येईल.”

त्या संध्याकाळी तिने घरी अप्पांना सांगायचा प्रयत्न केला. अप्पांना बोलावणं आधीच पोचलं होतं. ते आरशासमोर उभे राहून उद्याचा शर्ट अंगाला लावून बघत होते.

“अप्पा, उद्या ते विचारतील की आकडे राहतात का. तुम्ही फक्त एवढं म्हणा, की कधीकधी राहतो एखादा. माझी नोकरी राहील. पुढे मी बघून घेईन, कोणाला कळणार नाही.”

“माझे आकडे राहतात?”

“एखादा.”

“मला तिथे माझ्या कामाबद्दल बोलायला बोलावलंय,” अप्पा म्हणाले. “तुझी नोकरी वाचवायला नाही.”

दुसऱ्या दिवशीही फोटो तीनला आला. निघायच्या आधी पाठवून, मगच ते बसमध्ये बसले असणार. तिने सवयीने कोडं कागदावर उतरवलं आणि सोडवायला घेतलं. वीस मिनिटांत सत्त्याहत्तर घरं भरली. उरली चार. चौथ्या ओळीतलं दुसरं आणि आठवं, सहाव्या ओळीतलं दुसरं आणि आठवं. चारही घरांत चार किंवा नऊ, आणि कोणत्या घरात कोणता हे सांगणारं कोड्यात काहीच नाही. तिने उत्तराचा फोटो उघडला. चौथ्या ओळीत दुसऱ्या घरात चार होता. तोच उतरवायचा राहिला होता. ओळ ७४००८०००६ अशी हवी होती, फोटोत ती ७०००८०००६ अशी होती.

तिने पानाच्या फाइलीत काहीच टाइप केलं नाही. न सोडवलेलं कोडं, फोटोत होतं तसंच, वेगळं टाइप करून त्याची एक प्रत छापून घेतली.

चार वाजता बैठकीच्या खोलीत चौघं बसले. प्रमुख, प्रूफवाले काका, ताई, आणि इस्त्रीच्या शर्टातले अप्पा. त्यांना मधली खुर्ची दिली होती. चहा आला. प्रमुखांनी तो कागद अप्पांपुढे धरला आणि सगळं समजावून सांगितलं, अगदी आदराने.

अप्पांनी यादी डोळ्यांजवळ नेऊन वाचली. “हे नऊ आकडे सोडून द्या. माझा नऊ नऊच असतो, कोणाला एक दिसला तर त्याने डोळे तपासून घ्यावेत. काही सरकलेले दिसतात ते फोटोचा कोन तिरपा आल्यामुळे.”

“सोडले. पण चौदा उरतात, सर. मशीनचे अकरा. तुम्ही रिकामं ठेवलेलं घर ताईंनी भरलंय. त्या म्हणतात, ते तुमच्याकडून राहिलेलं होतं.”

“असं म्हणते?” अप्पांनी सुनेकडे पाहिलं नाही. “मग ऐका. वर्षभर मला वाचक विचारतायत, सर, कोडी सोपी का झाली? मला उलगडाच होत नव्हता. आता झाला. मी सव्वीस आकडे द्यावेत आणि हिने सत्ताविसावा घालावा. उत्तर शेजारी आहे, त्यातला कुठलाही उचलून घातला की बसतोच. हिला सोडवता येत नाही म्हणून सोपं करते. घरातही तेच. सांगितलं त्यात स्वतःचं मीठ घातल्याशिवाय चैन पडत नाही.”

प्रूफवाले काका खोकले. प्रमुखांनी ताईकडे बघून भुवया उंचावल्या. “ताई, यावर?”

अप्पांचं म्हणणं चोख होतं, हे तिला त्या क्षणीही कळलं. उत्तरातला आकडा कुठेही घाला, तो बसणारच. घातलेला आकडा गरजेचा होता की फुकटचा, हे फाइलीकडे बघून जगात कोणी सांगू शकलं नसतं. ते सांगायचा एकच मार्ग होता. तिने तो रात्रभर टाळला होता.

तिने छापलेला चौकोन अप्पांपुढे ठेवला. वर पेन्सिल ठेवली.

“हे आजचं, अप्पा. मी हात लावलेला नाही. फोटोशी ताडून बघा.”

प्रूफवाल्या काकांनी ताडून पाहिलं. “बरोबर आहे. एक्याऐंशीच्या एक्याऐंशी.”

“सोडवून दाखवा.”

“मी?” अप्पा हसले. “माझंच कोडं?”

“तुमचंच.”

“सर, होऊन जाऊ दे,” प्रमुख म्हणाले आणि त्यांनी खुर्ची जवळ ओढली. “प्रात्यक्षिकच पाहू.”

अप्पा भरभर सोडवायला लागले. तर्क अजून शाबूत होता, तो कधी गेलाच नव्हता. आकडे मात्र घरांच्या रेघांवर चढत होते, आणि दोनदा त्यांनी स्वतःच लिहिलेला एकाचा आकडा नऊ समजून वाचला आणि मागे आले. खोलीत पेन्सिलीचा आवाज. प्रमुखांनी मध्येच फोनवर त्यांच्या थरथरत्या हाताचा व्हिडिओ काढायला सुरुवात केली. कोणी त्यांना थांबवलं नाही. ताईनेही नाही.

पस्तीस मिनिटांनी चार घरं उरली. अप्पांनी चौथ्या ओळीत दुसऱ्या घरात चार लिहिला आणि पेन्सिल खाली ठेवली. “झालं. बाकीचे तीन आपोआप.”

“तिथे चार का?” तिने विचारलं.

“का म्हणजे? तिथे चारच आहे.”

“ते उत्तरात आहे, अप्पा. इथे का?”

“ओळीत—” अप्पांनी ओळीवर बोट ठेवलं. बोट पुढे गेलं, आठव्या घरापाशी थांबलं. मग ते दुसऱ्या स्तंभावरून खाली उतरलं. मग चौकात फिरलं.

तिने पेन्सिल उचलली, त्यांचा चार खोडला आणि तिथे नऊ लिहिला. आठव्या घरात चार. खाली सहाव्या ओळीत चार आणि नऊ. “हे चुकलंय कुठे, ते दाखवा.”

अप्पा बघत राहिले. त्यांचे ओठ हलत होते. छत्तीस वर्षांत हजारो मुलांना त्यांनी फळ्यापाशी असंच उभं केलं असेल, आणि ‘दाखव कुठे चुकलं’ असं विचारून गप्प बसले असतील.

“घाई नाही,” ती म्हणाली.

“ताई, पुरे,” प्रूफवाले काका पुटपुटले.

“पुरे कसं? ते म्हणतात मला सोडवता येत नाही. मी सोडवलंय. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. म्हणजे हे काय आहे, अप्पा? दोन उत्तरं असलेल्या कोड्याला तुम्ही काय म्हणता?”

अप्पांनी चौकोन आपल्याकडे ओढला. त्यांचा चहा तसाच गार झाला होता.

“हे आजचं,” ती म्हणाली. “अशी यादीतली चौदा आहेत. यादीबाहेरची किती ते मी मोजलं नाही. एकेक सोडवायला देऊ का?”

प्रमुखांनी टाळी वाजवली. एकदाच, हलकेच. “ताई, तुम्ही इतकी वर्षं टाइप काय करत होता! तुमची जागा पक्की. उद्यापासून पुरवणीतलं बाकीचं हस्तलिखित प्रोग्राम वाचेल, आणि त्याने वाचलेलं तुम्ही तपासाल.” मग अप्पांकडे वळून, तितक्याच गोडव्याने, “सर, कोडी आता तयार मिळतात, हवी तितकी. तुमची खूप सेवा झाली. आजचं शेवटचं.”

“शेवटचं,” अप्पा म्हणाले. विचारलं की नुसतं म्हटलं, ते कळलं नाही.

“आणि ताई, आजचं फोटोत आहे तसंच सोडा हं. वाचकांचे फोन आले की सदर बंद का केलं, हे वर सांगायला मला सोपं जाईल.” ते दारातून परत वळले. “सर, खाली तुमचं नाव आहेच.”

ते आपल्या खोलीत गेले. काका तिच्याकडे न बघता निघून गेले.

पान सहा वाजता छपाईला सुटायचं होतं. ती आपल्या टेबलाशी येऊन बसली. अप्पा मागोमाग आले. संध्याकाळच्या गर्दीत परतीची बस एकट्याने पकडायची त्यांना सवय नव्हती. शेजारच्या रिकाम्या खुर्चीत त्यांनी अंग टाकलं आणि पडद्याकडे बघत राहिले. त्यांचं कोडं मजकूर कसं होतं, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

तिने पहिली ओळ टाइप केली. नऊ खुणा. दुसरी. तिसरी. बोटं न बघता चालत होती.

“सूनबाई,” अप्पा म्हणाले. आवाज इतका खाली होता की पलीकडच्या टेबलावर गेला नसता. “चौथ्या ओळीत चार घाल.”

ती थांबली.

“तो त्याच्या खोलीत आहे. बघायला येणार नाही. एक आकडा. तू घालतच होतीस की.” त्यांनी टेबलाची कड धरली. “माझं नाव आहे खाली. शेजारचे वाचतात, शाळेतले वाचतात. कोणाला कळणार आहे?”

तिने त्यांच्याकडे पाहिलं. काल संध्याकाळी हेच वाक्य तिने त्यांना म्हटलं होतं. त्यांना ते आठवत होतं की नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरून समजत नव्हतं. घालायचं झालं तर एक कळ दाबायची होती. प्रमुख खरंच बघायला आले नसते. तिची जागा पक्की झाली होती, त्या चाराने ती जाणार नव्हती.

“घाल ना,” अप्पा म्हणाले. आणि मग, दोन वर्षांत पहिल्यांदा, “बाळा.”

“फोटोत नाहीये, अप्पा.”

तिने सात टाइप केला. मग शून्य, शून्य, शून्य. आठ. परत तीन शून्यं. सहा. ओळ पुरी झाली. ती सवयीने पुटपुटत मोजत होती आणि अप्पा तिच्या ओठांकडे बघत होते. पाचवी ओळ. सहावी. नवव्या ओळीनंतर तिने फाइल साच्यात टाकली. पडद्यावर चौकोन उमटला, स्वच्छ, काळ्या रेघांचा, कोरी घरं कोरी. खाली ठळक अक्षरात अप्पांचं नाव. तिने खात्री करून घ्यायला म्हणून फोटो शेजारी उघडला आणि एक्याऐंशी घरं ताडून पाहिली. एकही चूक नव्हती.

पाच वाजून बावन्न मिनिटांनी तिने पान छपाईला सोडलं.

“चला,” ती उभी राहत म्हणाली. “सहा दहाची बस चुकेल.”

अप्पा उठले नाहीत. त्यांनी खिशातून फोन काढला आणि आपणच तीन वाजता पाठवलेला फोटो उघडला. अंगठा आणि बोटाने चौथी ओळ मोठी केली, अजून मोठी केली, दुसऱ्या घराचा रिकामा पांढरा तुकडा सगळ्या पडद्यावर पसरेपर्यंत. तिने पर्स खांद्याला लावली आणि त्यांचं होईपर्यंत उभी राहिली.